बारा रिपोर्ट, बारा वेळा ‘आढळले नाही’

नाशिकमधल्या एका हॉटेलचं हे प्रकरण. ४० खोल्या, तळमजल्यावर रेस्टॉरंट, मागच्या बाजूला लग्नाचा हॉल आणि या सगळ्याला मिळून एकच किचन. मी एका पेस्ट कंट्रोल कंपनीत सर्व्हिसची बाजू सांभाळतो. हे हॉटेल चार वर्षांपासून आमच्याकडे एएमसीवर, म्हणजे वार्षिक करारावर आहे. म्हणजे पुढे जी चूक सांगणार आहे, तिच्यात आमचाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुरुवात एका मेलपासून झाली. पावसाळ्याच्या तोंडावर आमचं ऑफिस सगळ्या हॉटेल-रेस्टॉरंटच्या मॅनेजरांना एक मेल पाठवतं. एप्रिलमध्ये गेलेला मेल आमच्या मार्केटिंगवाल्या मुलाने लिहिला होता. वर झुरळाचा भलामोठा फोटो, खाली अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ५६, अस्वच्छतेसाठी एक लाखापर्यंत दंड, आणि शेवटी ‘आजच संपर्क करा’. मजकुरात खोटं काही नव्हतं. पण हा दंड मॅनेजरला पाठ असतो आणि झुरळाचा फोटो तो किचनमध्ये सकाळी उठून बघतो. उत्तरं दोन आली. एकाने बिलाची प्रत मागितली, दुसऱ्याने आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं.

मग जूनच्या २ तारखेला मी स्वतः मेल लिहिला. पहिल्यांदाच मराठीत, कारण मेल जरी मॅनेजरच्या नावाने गेला तरी तो वाचून हालचाल करणारा माणूस बहुतेक ठिकाणी वेटरांवरचा कॅप्टन किंवा स्टोअरकीपर असतो. मेल असा होता:

विषय: उद्या सकाळी ऑडिटर आला, तर फाइल किती मिनिटांत निघेल?

नमस्कार,

आज दुपारी गर्दी ओसरली की दहा मिनिटं काढा आणि एवढं करून पाहा.

पेस्ट कंट्रोलची फाइल मागवा. ती कुणाकडे असते हेच सांगता आलं नाही, तर पहिली अडचण तिथेच आहे. आमच्या परवान्याची चालू मुदतीची प्रत, वापरलेल्या औषधांची लेबलं आणि सुरक्षितता पत्रकं, आणि ट्रॅप कुठे कुठे लावलेत त्याचा नकाशा, एवढं तीत आहे का बघा. नकाशा हातात धरून किचनमध्ये जा आणि त्यातला कुठलाही एक ट्रॅप शोधा. सापडतो का?

मग शेवटचे तीन सर्व्हिस रिपोर्ट वाचा. नुसती सही आहे का ते बघून पान उलटू नका.

शेवटी काउंटरखालच्या फ्रिजचं दार उघडा आणि दाराच्या रबराची घडी बोटाने फाकवा. मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर ती मिरपूड नाही.

जे दिसेल त्याचा फोटो याच मेलला उत्तर म्हणून पाठवा. ऑडिटच्या आधी आम्ही एक फेरी मारू, तिचे पैसे घेणार नाही. किचनच्या मुलांसाठी हाच मजकूर हिंदीत सोबत जोडला आहे.

दुसऱ्या दिवशी या हॉटेलच्या मॅनेजरचं उत्तर आलं. एका कंपनीबरोबर वर्षभराच्या खोल्यांचा करार व्हायचा होता आणि त्या कंपनीची अट होती की बाहेरच्या एजन्सीकडून स्वच्छता ऑडिट करून घ्यायचं. तारीख ठरली होती २६ जून. मॅनेजरने फाइलच्या पानांचे फोटो पाठवले होते आणि खाली लिहिलं होतं, “साहेब, आमच्याकडे सगळं तयार आहे. तरी एकदा नजर टाका.”

फाइल खरोखर नेटकी होती. प्लॅस्टिकच्या पाकिटात एकेक पान, वर्षभराचे बारा रिपोर्ट. मी पहिला वाचला: झुरळ, आढळले नाही. उंदीर, आढळले नाही. दुसरा तसाच. तिसरा तसाच. बाराच्या बारा. हॉलमध्ये लग्नं चालू असताना मे महिन्यातही आढळले नाही. सगळ्यांवर आमच्याच टेक्निशियनची सही, खाली हॉटेलच्या माणसाची.

ज्या किचनमध्ये रोज दोनशे-अडीचशे ताटं जातात, भाजीची क्रेट बाहेरून येतात आणि कोल्ड्रिंकचे खोके रचलेले असतात, तिथे वर्षभरात एकही झुरळ कुणाला दिसलं नाही, हे मलाच पटेना. ऑडिटरला कसं पटणार? शिवाय झुरळ नव्हतंच, तर दर महिन्याला झुरळं मारायचं जेल कशासाठी लावलं, हा प्रश्नही त्याच पानावर उभा होता, कारण औषधाच्या रकान्यात दर वेळी जेल लिहिलेलं होतं.

टेक्निशियनला बोलावून विचारलं. मुलगा चांगला आहे, सहा वर्षं काम करतोय. आधी गप्प बसला. मग म्हणाला, “सर, ‘आढळले’ लिहिलं की तिथला कॅप्टन सही करत नाही. म्हणतो, पैसे कशाचे घेता मग? सही नाही म्हणजे ऑफिसात माझी फेरी धरत नाहीत.” खरं होतं. सही नसलेला रिपोर्ट म्हणजे अपूर्ण फेरी, हा नियम आमचाच. आम्ही मुलाला खरं लिहिण्याची शिक्षा करत होतो आणि हॉटेल आम्हाला त्यात साथ देत होतं. त्यात वर्षभरापूर्वी हॉटेलने खर्च कमी करायला पंधरवड्याची फेरी महिन्यावर आणली होती आणि आम्ही ग्राहक जाईल या भीतीने मान डोलावली होती.

४ तारखेला रात्री पावणेबाराला मी आणि तो मुलगा किचनमध्ये गेलो. दिवसा जाऊन उपयोग नसतो. जर्मन झुरळ, म्हणजे किचनमध्ये दिसणारं ते लहान, फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या पट्ट्यांचं, दिवसभर फटीत दाटीवाटीने बसतं. दिवसाउजेडी ते उघड्यावर फिरताना दिसलं, तर फटी भरल्यात असं समजायचं. शेवटची ऑर्डर जाऊन अर्धा तास झाला होता, दिवे घालवले आणि वीस मिनिटं थांबलो. मग बॅटरी.

तंदूर, चायनीजची भट्टी, मोठी चूल, या सगळ्या भागात जवळपास काही नाही. लोक आधी तिथेच बघतात, पण ती जागा रोज तापते आणि रोज धुतली जाते. सॅलडच्या काउंटरखाली मात्र वेगळंच दृश्य होतं. तिथे दोन दारांचा फ्रिज आहे, वर कापण्याचा फळा, खाली कॉम्प्रेसरची पेटी. डाव्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात फाटलेलं होतं. घडी फाकवली तर आत ठिपके, रिकामी कातडी आणि चार-पाच पिल्लं बॅटरीच्या उजेडात आत पळाली. कॉम्प्रेसरच्या पेटीचे स्क्रू काढले. आत ऊब, गळणाऱ्या पाण्याची ओल, वरून पडलेले गाजर-काकडीचे तुकडे. झुरळाला जे तीन हवेत ते तिन्ही एका हातभर जागेत.

पेटीच्या कडेला आमच्याच जुन्या जेलचे थेंब होते. वाळून कडक झालेले, त्यावर तेलाचा थर. आणि शेजारच्या फळीवर दुकानातून आणलेला झुरळांचा स्प्रे. शेफ म्हणाले, “रात्री मुलं मारतात जरासा. दोन-चार मरतात ना!” मरतात, ते बरोबर. पण तो स्प्रे जेलवर आणि जेलच्या आसपास बसला की झुरळ त्या जेलकडे फिरकत नाही. उरलेली पांगून दुसऱ्या फटीत जातात. जेल हे विष कमी आणि जेवण जास्त असतं. त्यांनी ते आवडीने खाल्लं पाहिजे, तरच काम होतं. तेलकट, वाळलेलं, स्प्रे बसलेलं जेल म्हणजे रिपोर्टात लिहायला एक ओळ, बाकी काही नाही.

त्या रात्री आम्ही एकही थेंब औषध लावलं नाही. हे मॅनेजरला फार खटकलं. ऑडिटला बावीस दिवस आणि आम्ही नुसते पुठ्ठ्याचे चिकट ट्रॅप लावून निघालो. दहा ट्रॅप, भिंतीला लागून, प्रत्येकावर नंबर आणि तारीख, आणि ते नंबर नव्या नकाशावर. तीन रात्रींनी, ७ तारखेला, मोजले. सात ट्रॅप रिकामे. पाचवा आणि सहावा मिळून चार. तिसऱ्यात, म्हणजे सॅलडच्या फ्रिजखाली, २३. त्यातली सतरा पिल्लं.

मोठी झुरळं लांबवर फिरतात, पिल्लं घरट्यापासून फार दूर जात नाहीत. ट्रॅपमध्ये पिल्लं जास्त म्हणजे घर हातभर अंतरावर आहे, हे नक्की. दहा ट्रॅप लावल्याने अख्ख्या किचनमध्ये फवारणी करायची गरज उरली नाही. मुक्काम एका फ्रिजमध्ये होता, कामही तिथेच करायचं होतं.

७ तारखेच्या रात्री आधी साफसफाई. हे काम हॉटेलचं, आणि इथे बहुतेक ठिकाणी गाडं अडतं. या वेळी मॅनेजर स्वतः उभे राहिले. फ्रिज रिकामा केला, बंद केला, भिंतीपासून पुढे ओढला, कॉम्प्रेसरची पेटी तेल काढणाऱ्या साबणाने धुतली, जुनं जेल खरवडून काढलं. आम्ही लहान नळीच्या व्हॅक्यूमने रबराच्या घडीतली आणि पेटीतली झुरळं, अंड्यांच्या पिशव्या, कातडी ओढून घेतली. त्यात जेवढी गेली, तेवढ्यांना औषधाची वाट बघावी लागली नाही. पेटी पूर्ण वाळल्यावर जेल: मसुराच्या दाण्याएवढे थेंब, बिजागरीच्या आत, पेटीच्या आतल्या कडेला, टेबलाच्या पोकळ पायांच्या तोंडाशी. मोठा गोळा लावला की वरून वाळतो आणि साफ करणाऱ्याच्या फडक्यात जातो. म्हणून लहान आणि जास्त ठिकाणी. जिथे अन्न ठेवतात किंवा कापतात, त्या पृष्ठभागावर काहीच नाही. दुकानातला स्प्रे आम्ही मॅनेजरच्या टेबलाच्या खणात ठेवायला लावला.

मग पुढची फेरी बारा दिवसांनी ठेवली, १९ तारखेला. हॉटेलचं म्हणणं, दोन दिवसांनीच परत या, जोर लावा. पण या झुरळाची मादी अंड्यांची पिशवी अंगाला चिकटवून फिरते, जवळजवळ पिल्लं बाहेर पडेपर्यंत. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. पिशवी घेतलेली मादी फटीत दडून असते, खातेही कमी, त्यामुळे पहिल्या जेलमधून तीच नेमकी वाचण्याची शक्यता. तिची पिल्लं बाहेर येतील तेव्हा ताजं जेल तिथे हवं. दोन दिवसांनी गेलो असतो तर तिला काही फरक पडला नसता, आमच्या बिलात तेवढा पडला असता.

मधल्या काळात बाकीची कामं झाली. स्टोअरमध्ये मैद्याच्या पोत्यांमागे उंदराच्या विषाची निळी वडी सापडली. आमची नव्हती, कुणीतरी बाजारातून आणली होती. ती तिथल्या तिथे उचलली. धान्याच्या खोलीत विष हे उंदरापेक्षा मोठं प्रकरण आहे. आत चिकट पॅड, विषाची बंद पेटी फक्त इमारतीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला. मागच्या दाराखाली करंगळी जाईल एवढी फट होती, उंदराच्या पिल्लाला तेवढी पुरते. तिथे ब्रशची पट्टी लावली. माश्यांचं मशीन सॅलडच्या फळ्याच्या बरोबर वर टांगलेलं होतं आणि तेही करंटवालं, ज्यात माशी फुटून तिचे तुकडे खाली उडतात. ते काढून धुण्याच्या जागेकडे जाणाऱ्या वाटेवर चिकट पॅडचं मशीन लावलं. त्याच्या ट्यूबवर लावल्याची तारीख लिहिली, कारण ट्यूब जळताना दिसते, तरी साधारण वर्षाने तिचा माशीला ओढणारा प्रकाश उतरलेला असतो.

खरी झटापट कागदावर झाली. ७ तारखेचा रिपोर्ट आम्ही असा लिहिला: ट्रॅप ३, झुरळं २३, त्यातली पिल्लं १७, कारण, रबर फाटलेलं व पेटीत अन्नाचे कण, हॉटेलने करायचं काम, रबर बदलणं, १४ तारखेपर्यंत, आम्ही केलेलं काम, व्हॅक्यूम व जेल. मॅनेजरने वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“साहेब, हे फाइलला लावायचं? आदल्या बारा पानांवर काहीच नाही, आणि ऑडिटच्या महिन्यात तेवीस?”

“लावायचं.”

“मग आधीची जरा दुरुस्त करून द्या ना. दोन-दोन, तीन-तीन लिहा. चढत गेलं असं दिसेल.”

त्यांचा हेतू फसवण्याचा नव्हता, त्यांना फक्त ते पान एकटं पडलेलं बघवत नव्हतं. पण मागच्या तारखेने रिपोर्ट लिहिणं आम्ही नाकारलं. बारा महिन्यांचे आकडे आम्ही मोजलेच नव्हते, मग लिहायचे कुठून? आणि एकाच शाईत, एकाच हाताने लिहिलेली बारा पानं ऑडिटर लगेच ओळखतो. त्याऐवजी एक वेगळं पान लावलं: जूनपूर्वीच्या रिपोर्टांत ट्रॅप मोजणी नव्हती, ४ जूनपासून सुरू केली, फेरी पुन्हा पंधरवड्यावर आणली. खाली त्यांची आणि माझी सही. सही करताना ते म्हणाले, “नोकरी गेली तर तुमच्याकडे लावून घ्या.”

ट्रॅपची पुढची मोजणी, पुन्हा तीन रात्रींची, १५ तारखेला झाली. तिसऱ्यात नऊ, सगळीच्या सगळी पिल्लं. मॅनेजर घाबरले, मला बरं वाटलं. मोठी संपत आली होती. १९ ला दुसरं जेल लावलं. २४ ला मोजलं: दोन. शून्य आलं नाही, आणि बावीस दिवसांत येईल असं वचन मी दिलंही नव्हतं. रबर मात्र १४ ऐवजी २० तारखेला बदललं गेलं, कारण त्या मॉडेलचं मुंबईहून यायचं होतं. तोही उशीर कारणासकट रिपोर्टात लिहिला.

२६ तारखेला ऑडिटर बाई आल्या. हातात एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची केटरिंगची तपासणी यादी, ११४ गुणांची. तीत पेस्ट कंट्रोलचा कार्यक्रम व नोंदी हा एक मुद्दा आणि आवारात किडींच्या खुणा हा दुसरा, असं वेगवेगळं धरलेलं आहे. त्यामुळे फाइल सुंदर आणि किचन वाईट, किंवा उलटं, दोन्ही पकडलं जातं.

त्यांनी फाइल लगेच उघडली नाही. आधी नकाशा मागितला, त्यावरचा सातवा ट्रॅप दाखवायला भांडी घासणाऱ्या मुलाला सांगितलं. त्याने टाकीमागे वाकून तो काढून दाखवला. झुरळ दिसलं तर काय करतोस, असं हिंदीत विचारलं. तो म्हणाला, वहीत लिहितो, स्प्रे मॅनेजर साहेबांच्या खणात आहे, मिळत नाही. त्या हसल्या. मग सॅलडच्या फ्रिजपाशी जाऊन स्वतःच रबर फाकवलं. नवं, कोरडं, स्वच्छ. खालच्या ट्रॅपमध्ये एक मेलेलं पिल्लू होतं.

फाइल शेवटी वाचली आणि अपेक्षेप्रमाणे बोट बाराव्या आणि तेराव्या रिपोर्टाच्या मध्ये थांबलं. “वर्षभर काही नाही आणि एकदम तेवीस?” मॅनेजरने सहीचं पान पुढे केलं आणि म्हणाले, “आधी मोजत नव्हतो, मॅडम.” त्यांनी ते पान वाचलं, २३, ९, २ हे आकडे आपल्या कागदावर उतरवले आणि रबराच्या बिलाची तारीख पडताळली. जुन्या रिपोर्टांबद्दल शेरा लिहिला: मागील नोंदी विश्वासार्ह नाहीत. तो शेरा आमच्या कंपनीवर होता आणि तो योग्य होता.

एकूण ९४ गुण आले. या यादीत ९१ ते ९९ ला ‘ए’ मिळतो, कंपनीच्या अटीला तेवढं पुरलं. गंमत म्हणजे जास्त गुण पेस्ट कंट्रोलवर गेलेच नाहीत. ते गेले डीप फ्रीजरमधल्या तारीख न लिहिलेल्या डब्यांवर, भांडी घासण्याच्या जागेतल्या फुटक्या फरशीवर आणि दोन आचाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या संपलेल्या मुदतीवर. त्यातलं आमच्या मेलमध्ये काहीच नव्हतं. फुटकी फरशी तर आमच्या डोळ्यांखालून चार वर्षं गेली होती, आणि तिच्या भेगेत पाणी साचून गटारमाश्या होतात हे आम्हाला कळायला हवं होतं.

त्यानंतर आम्ही रिपोर्टाचा छापील नमुना बदलला. ‘आढळले / आढळले नाही’ ही खूण करण्याची जागा काढून टाकली. तिथे आता ट्रॅपचे नंबर आहेत आणि समोर आकडा लिहायचा रिकामा चौकोन. शून्य असेल तर शून्य, पण हाताने. ग्राहकाची सही ‘वाचले’ या शब्दाखाली येते, आणि ती नसली तरी फेरी धरली जाते. दोन ग्राहकांना हे आवडलं नाही. एकाने एएमसी दुसऱ्या कंपनीला दिली. ऑक्टोबरच्या मेलमध्ये फरशीच्या भेगा आणि डब्यांवरच्या तारखा या दोन ओळी घातल्या, बाकी मेल तसाच ठेवला.

परवा त्याच हॉटेलचा रिपोर्ट टेबलावर आला. त्याच मुलाच्या अक्षरात: ट्रॅप ३, झुरळं ४. उजव्या दाराचं रबर खालून सुटलंय. कॅप्टनला दाखवलं. सही दिली नाही.